बाबा, अस्वल आणि पडून राहणं

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात परतवाड्याच्या बाजारात बाबांची स्कूटर एका ऑटोला धडकली. वेग फार नव्हता. ते डाव्या कुशीवर पडले, उठायला गेले आणि उठता आलं नाही. एक्स-रेमध्ये खुब्याच्या खोबणीला तडा दिसला. डॉक्टर म्हणाले, हाड जागेवरून हललेलं नाही, ऑपरेशनची गरज नाही. पण सहा आठवडे पलंगावर. डाव्या पायावर वजन अजिबात टाकायचं नाही.

ज्या माणसाने तीस वर्षं वनखात्यात काढली, त्यातली बरीचशी मेळघाटात पायी, त्याला सहा आठवडे पलंगावर राहा म्हणणं म्हणजे काय, हे मला दुसऱ्या दिवशीच कळलं. मी पुण्याहून लॅपटॉप घेऊन आलो होतो. ऑफिसने घरून काम करायची परवानगी दिली होती. पुढच्या खोलीत भाड्याने आणलेला दवाखान्याचा पलंग, त्याच्या पायथ्याशी माझं टेबल. दिवसा मी मीटिंगमध्ये आणि बाबा छताकडे बघत. रात्री त्यांना झोप नाही, म्हणून मलाही नाही.

अशाच एका रात्री मी फोनवर एक व्हिडिओ बघत होतो. बर्फाखालची गुहा, आत मुटकुळं करून पडलेलं अस्वल. बाबांना दाखवला आणि म्हटलं, "बघा बाबा, हा पाच-सहा महिने असाच पडून राहतो. तुम्हाला तर सहाच आठवडे आहेत."

बाबांनी चष्मा लावून तो पूर्ण पाहिला. मग फोन परत देत म्हणाले, "अस्वल कुठं झोपते बे? मी जानेवारीत वारूळ उकरताना पायलंय त्याले. सेमाडोहच्या पुढं. बारा फुटांवर होतं."

दोघंही बरोबर होतो, हे मला नंतर वाचताना कळलं. आणि वाचत गेलो ते त्या रात्रीपासूनच.

*

शाळेत आपण शिकतो की कडाक्याच्या थंडीपासून वाचण्यासाठी अस्वलं शीतनिद्रा घेतात. हे अर्धंच खरं आहे. अस्वलाच्या अंगावर एवढी केसाळ कातडी आणि खाली चरबीचा एवढा थर असतो की थंडी त्याला सोसते. त्याचा खरा प्रश्न जेवणाचा असतो. उत्तरेकडच्या जंगलात ऑक्टोबर सरला की बेरी संपतात, गवत वाळतं, किडे जमिनीत जातात आणि वर बर्फ पडतो. शंभर किलोच्या प्राण्याने रोज हिंडून पोट भरेल एवढं त्या जंगलात काही उरतच नाही. हिंडण्यात जेवढी शक्ती जाईल तेवढीही परत मिळणार नाही. मग हिंडायचंच नाही, हा हिशेब.

म्हणून आपल्याकडचं अस्वल झोपत नाही. मेळघाटात किंवा ताडोब्यात त्याला वर्षभर काही ना काही मिळतं. वारुळातली उधई आहे, मुंग्या आहेत, पावसाळ्याच्या तोंडावर जांभळं, हिवाळ्यात बोरं, उन्हाळ्याच्या सुरुवातीला मोहफुलं. त्याने झोपून करायचं काय? पण त्याच देशात वर हिमालयात गेलात तर तिथलं तपकिरी अस्वल आणि काळं अस्वल दोघंही हिवाळ्यात गुहेत जातात. उलट ध्रुवीय अस्वल, जे सगळ्यात थंड जागी राहतं, त्याचे नर हिवाळाभर जागे असतात, कारण त्यांना लागणारे सील तेव्हाच समुद्राच्या बर्फावर मिळतात. तिथे बिळात जाते ती फक्त गाभण मादी.

बाबांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे पोटाचं काम हाय. थंडीचं नाही." तेवढ्यावर त्यांनी अस्वल मान्य केलं.

*

पडून राहिलेल्या अस्वलाच्या आत काय चालतं, हे नीट मोजलं गेलं अलास्कात. फेअरबँक्स इथल्या विद्यापीठात ऑइविंड टोइएन, ब्रायन बार्न्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच काळ्या अस्वलांवर हिवाळाभर नजर ठेवली. २०११ मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ही अस्वलं माणसांच्या वस्तीत येऊन त्रास देत होती म्हणून वनविभागाने पकडलेली होती. त्यांच्यासाठी जंगलात लाकडी पेट्या ठेवल्या, आत गवत अंथरलं, इन्फ्रारेड कॅमेरे लावले. अंगात तापमान आणि हृदयाचे ठोके मोजणारी यंत्रं बसवली. पेटीत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेतला ऑक्सिजन सतत मोजला. किती ऑक्सिजन वापरला गेला यावरून शरीराची भट्टी किती जळतेय ते कळतं.

उन्हाळ्यात मिनिटाला पंचावन्नच्या आसपास असणारे ठोके हिवाळ्यात चौदापर्यंत उतरले. तेही सारख्या अंतराने पडत नव्हते. अस्वल एक श्वास घेतं, त्या श्वासाबरोबर हृदय भराभर काही ठोके देतं, मग श्वास सोडल्यावर थांबतं. कधीकधी दोन ठोक्यांमध्ये वीस सेकंदांचं अंतर. मिनिटात एखाद-दोन श्वास. हे वाचल्यावर मी घड्याळ लावून वीस सेकंद मोजून पाहिली. ती फार मोठी असतात.

पण खरं नवल तापमानाचं होतं. आतापर्यंत समजूत अशी की अंग थंड पडतं म्हणून भट्टी मंद होते. थंडीत डाळ हळू शिजते तसं. अस्वलांचं अंग मात्र फारसं थंड झालंच नव्हतं. ते ३० ते ३६ अंशांमध्ये वरखाली होत राहिलं. ३० पर्यंत आलं की अस्वल पडल्या जागी थरथरायला लागायचं, अंग पुन्हा ३६ कडे चढायचं, मग परत उतरायचं. असा एक फेरा दोन ते सात दिवसांचा. म्हणजे तापमान सरासरी पाच-सहा अंशच उतरलं, पण भट्टी मात्र जेमतेम पाव भागावर आली. थंडीमुळे होते त्याहून कितीतरी जास्त मंद. याचा अर्थ अस्वल आपली भट्टी वेगळ्या कळीने खाली करतं, थंड होणं हा त्याचा केवळ एक परिणाम.

अलास्कातच एक जमिनीत राहणारी खार आहे, आर्क्टिक खार. ती बरोबर उलटं करते. वजन किलोच्या आतबाहेर. तिचं अंग खरोखर गोठण्यापर्यंत जातं. बार्न्स यांनी १९८९ मध्ये मोजलं तेव्हा उणे २.९ अंश निघालं, आणि तरी रक्तात बर्फ झाला नव्हता. मात्र तिला सलग तसं राहता येत नाही. दर दोन-तीन आठवड्यांनी ती जागी होते. खांद्यांच्या मधली खास तपकिरी चरबी जाळून काही तासांत अंग ३६-३७ अंशांवर आणते, दिवसभर तशी राहते आणि पुन्हा थंड पडते. हिवाळ्याची बहुतेक शिदोरी या मधल्या उठण्यांतच खर्च होते.

मग उठते तरी कशाला? एक उत्तर असं आहे की ती झोपायला उठते. थंड पडलेल्या मेंदूत खऱ्या झोपेच्या लहरी उमटतच नाहीत. अंग गरम झाल्यावर ती खार बराच वेळ गाढ झोपते, जणू जागरण झालं होतं. म्हणजे शीतनिद्रा ही निद्रा नव्हेच. पहाटे चारला बाबांच्या पलंगाशेजारी बसून हे वाचताना मला त्या खारीविषयी आपुलकी वाटली.

अस्वलाला मात्र असं थंड होणं परवडणारं नाही. भांडंभर पाणी तापवायला आणि पाण्याची टाकी तापवायला लागणाऱ्या लाकडांत जो फरक, तोच फरक. शंभर किलोचं अंग शून्यावर नेलं तर ते दर पंधरवड्याला परत तापवायला लागणारी चरबी कुठून आणायची? म्हणून ते कोमट राहतं. सलग पडून राहतं. काही खात नाही, पीत नाही, लघवीला किंवा शौचाला जात नाही. पाच महिने, कुठे सहा, कुठे सातही.

आणि माझा खरा प्रश्न इथे सुरू झाला.

*

अठराव्या दिवशी सकाळी अंग पुसताना आईला दिसलं की बाबांची डावी पोटरी सुजलीय. उजवीपेक्षा स्पष्ट जाडी. हात लावला तर गरम. दाबल्यावर दुखतंय. आईला वाटलं, झोपून-झोपून सूज येते, पायाखाली उशी घालू. मी फोटो डॉक्टरांना पाठवला. त्यांचा मेसेज न येता थेट फोन आला. "पाय चोळू नका. आत्ता घेऊन या. श्वास लागतोय का? छातीत दुखतंय का?"

डॉपलरमध्ये पोटरीच्या आतल्या शिरेत गुठळी दिसली.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. पायातलं रक्त वर हृदयाकडे चढतं ते मुख्यतः पोटरीच्या स्नायूंमुळे. आपण चालतो तेव्हा तो स्नायू शीर पिळतो आणि रक्त वर ढकलतो. पडून राहिलं की हा पंप बंद. रक्त रेंगाळतं, आणि रेंगाळलेलं रक्त गोठायला बघतं. शिवाय हाड मोडलेलं, म्हणजे शरीराने गोठण्याची तयारी आधीच वाढवलेली. गुठळी तिथेच राहिली तर फक्त सूज. सुटून फुप्फुसात गेली तर मात्र माणूस काही मिनिटांत जाऊ शकतो. एकाच पायाला सूज, तोच पाय गरम, पोटरीत दुखणं, ही पहिली खूण. अचानक धाप लागणं ही दुसरी, आणि तिच्यासाठी थांबायला वेळ नसतो.

बाबांना पोटात घ्यायची इंजेक्शनं सुरू झाली, मग रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या. तीन महिन्यांसाठी. त्या रात्री ते झोपले आणि मी त्यांचा श्वास मोजत राहिलो. मिनिटाला सोळा. सतरा. सोळा.

अस्वल पाच महिने पडून असतं. त्याचं रक्त बाबांपेक्षा कितीतरी हळू वाहतं. अंगावर चरबीचे डोंगर. डॉक्टरांनी सांगितलेली बरीचशी कारणं त्याला लागू होती. मग अस्वल गुठळीने का मरत नाही?

*

हा प्रश्न माझ्याआधी हृदयरोगतज्ज्ञांना पडला होता. स्वीडनच्या मध्यभागी डालार्ना नावाचा जंगली प्रांत आहे. तिथल्या तपकिरी अस्वलांच्या गळ्यात संशोधकांनी जीपीएस पट्टे घातलेत. फेब्रुवारीत ते बर्फातून त्या बिळांपर्यंत जातात, आत पडलेल्या अस्वलाला भुलीचं इंजेक्शन मारतात, बाहेर ओढून त्याचं रक्त घेतात आणि परत आत ठेवतात. जूनमध्ये तेच अस्वल हेलिकॉप्टरमधून शोधून पुन्हा रक्त घेतात. एकाच प्राण्याचं हिवाळी आणि उन्हाळी रक्त, शेजारी शेजारी.

२०२३ मध्ये स्वीडन आणि जर्मनीतल्या डॉक्टरांच्या गटाने तेरा अस्वलांचं असं रक्त तपासून एक गोष्ट शोधली. जखम झाल्यावर रक्त थांबवणाऱ्या ज्या बारीक चकत्या रक्तात फिरतात, प्लेटलेट्स, डेंग्यूमुळे हा शब्द आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा झालाय, त्यांच्यावर एक प्रथिन असतं. त्याचं नाव एचएसपी ४७. हे प्रथिन प्लेटलेट्सना इतर प्लेटलेट्सशी आणि पांढऱ्या पेशींशी लगट करायला मदत करतं. पांढऱ्या पेशी चिथावल्या गेल्या की शिरेच्या आत गुठळी बांधली जाते. उन्हाळ्यातल्या अस्वलाच्या प्लेटलेट्सवर हे प्रथिन भरपूर होतं. हिवाळ्यात तेच पंचावन्नपटीने कमी झालेलं. चकत्या होत्या, पण एकमेकींना धरत नव्हत्या.

इथवर ही अस्वलाची गोष्ट. पुढचा भाग वाचून मी उठून बसलो. त्या गटाने मग माणसं तपासली. मणक्याला इजा होऊन वर्षानुवर्षं व्हीलचेअरवर असलेली माणसं. इजेनंतरच्या सुरुवातीच्या काळात अशा माणसांना गुठळ्यांचा धोका फार असतो, पण वर्षं गेली की तो इतरांसारखाच होतो. हे डॉक्टरांना आधीपासून माहीत होतं, कारण मात्र ठाऊक नव्हतं. त्यांच्या प्लेटलेट्सवरही एचएसपी ४७ खूप कमी निघालं. मग काही धडधाकट लोकांना २७ दिवस पलंगावर ठेवलं. त्यांचंही उतरायला लागलं.

म्हणजे ही कळ आपल्यातही आहे. फरक वेळेचा. आपलं शरीर पडून राहण्याला सरावतं, पण हळूहळू, आणि तोवरचे आठवडे उघडे असतात. बाबांचा अठरावा दिवस त्याच उघड्या आठवड्यांतला. अस्वल मात्र गुहेत शिरण्याआधीपासून तयारी करत असतं. त्याला पडायचं आहे हे त्याला माहीत असतं. बाजारात ऑटो आडवी येणार हे बाबांना माहीत नव्हतं.

यातून या प्रथिनाला अडवणारं औषध करता येईल का, यावर काम सुरू आहे. आज दवाखान्यात ते नाही. आज आहेत त्या पोटातल्या सुया आणि गोळ्या, आणि त्या रक्ताची गोठण्याची ताकदच कमी करतात. दाढी करताना बाबांना कापलं तर अर्धा तास कापूस धरून बसावं लागायचं. अस्वलाच्या कळीत ही अडचण कमी असावी अशी संशोधकांना आशा आहे, कारण ज्या माणसांत हे प्रथिन कमी असतं त्यांना रक्तस्रावाचा त्रास दिसत नाही.

*

पाचव्या आठवड्यात आई टेप घेऊन आली, ब्लाउज शिवायची. फिजिओथेरपिस्टने मांडीचा घेर मोजून ठेवायला सांगितला होता. गुडघ्यापासून वीत वर. उजवी ४५ सेंटिमीटर, डावी ४०. बाबांनी टेपकडे पाहिलं, पायाकडे पाहिलं, आणि चादर ओढून घेतली. चिखलदऱ्याचा घाट चढणारे ते पाय होते.

माणसाचा स्नायू किती झपाट्याने वितळतो हे मोजलेलं आहे. एका अमेरिकन अभ्यासात बारा निरोगी वृद्ध स्त्री-पुरुषांना फक्त दहा दिवस पलंगावर ठेवलं. जेवण व्यवस्थित होतं. तरी दहा दिवसांत प्रत्येकाच्या पायांतलं सरासरी एक किलोच्या आसपास मांस गेलं.

आता अस्वल. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी जंगलातल्या काळ्या अस्वलांच्या बिळात जाऊन त्यांच्या नडगीपुढच्या स्नायूची ताकद मोजली. हिवाळ्याच्या सुरुवातीला एकदा, शेवटी एकदा. १३० दिवसांत, एक घास न खाता, ताकद कमी झाली ती २३ टक्क्यांहूनही कमी. माणूस तेवढे दिवस पलंगावर राहिला तर, पोटभर जेवूनही, सुमारे ९० टक्के ताकद गमावेल असा त्यांचा अंदाज होता.

हे त्याला जमतं कसं? यातली एक गोष्ट इतकी साधी आहे की बाबांनाही लगेच पटली. स्नायू प्रथिनांचे बनलेले असतात, आणि प्रथिनं रोज थोडी तुटतात, थोडी बनतात. तुटल्यावर जो कचरा उरतो त्यातला नायट्रोजन आपलं शरीर युरियाच्या रूपात लघवीतून फेकून देतं. उपाशी माणूस स्नायू तोडतो, युरिया फेकतो, आणि फेकलेलं परत येत नाही. लघवी थांबली तर युरिया रक्तात साचून तो आजारी पडतो, डायलिसिस लागतं.

अस्वल फेकतच नाही. त्याची मूत्रपिंडं हिवाळ्यात अगदी थोडी लघवी बनवतात, आणि ती मूत्राशयात पोहोचली की मूत्राशयाच्या भिंतीतून पाणी आणि युरिया परत रक्तात शोषले जातात. रक्तातून युरिया आतड्यात जातो. तिथे असलेले जिवाणू त्याला फोडतात. सुटलेला नायट्रोजन शरीर परत घेतं, त्यापासून अमिनो आम्लं बनवतं आणि ती पुन्हा प्रथिनांच्या कामाला लावतं. कचरा टाकायचाच नाही, त्याचाच माल करायचा. १९७०च्या दशकात मेयो क्लिनिकच्या राल्फ नेल्सन यांनी हे अस्वलात शोधायला सुरुवात केली. अलीकडे २०२२ मध्ये विस्कॉन्सिनच्या शास्त्रज्ञांनी एका खारीत हीच वाट नीट मागोवा घेऊन दाखवली. खारींच्या आतड्यातले जिवाणू औषधाने मारले, तर ही परतफेड जवळजवळ बंद पडली.

जाळायला मग काय उरतं? चरबी. तिच्यात नायट्रोजन नसतोच, म्हणून तिचा युरिया होत नाही. शिवाय शंभर ग्रॅम चरबी जळली की शंभर ग्रॅमहून थोडं जास्तच पाणी तयार होतं, कारण तिच्यातला हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनला मिळतो. म्हणून अस्वलाला तहान भागवायला उठावं लागत नाही. शरद ऋतूत ते दिवसाला वीस हजार कॅलरींपर्यंत खातं ते याचसाठी. तो त्याचा भत्ता असतो, जेवणाचाही आणि पाण्याचाही.

"म्हणजे त्याचं मुतणंच बंद," बाबा म्हणाले. "आन् मले तुम्ही दर दोन घंट्याले पॉट लावता." ते हसले. अपघातानंतर पहिल्यांदा.

*

अस्वलाला हे सगळं फुकट मिळत नाही. वसंतात बाहेर येईपर्यंत त्याचं पंधरा ते तीस टक्के वजन गेलेलं असतं, आणि दूध पाजणाऱ्या मादीचं त्याहून जास्त.

मादीचा हिशेब सगळ्यात कठीण. मीलन उन्हाळ्याच्या सुरुवातीला होतं, पण गर्भ महिनोन्‌महिने गर्भाशयात न रुजता तरंगत राहतो. नोव्हेंबरच्या सुमारास तो रुजतो, तोही अंगावर पुरेशी चरबी असेल तरच. ऋतू वाईट गेला, बेरी कमी पिकल्या, तर शरीर गर्भ ठेवत नाही. ठेवला तर जानेवारीत, ऐन उपासात, गुहेत पिल्लं जन्मतात. पाव ते अर्ध्या किलोची, आंधळी, जवळजवळ बिनकेसाची. आई स्वतः काही न खाता त्यांना दूध पाजते, चाटते, कुशीत घेते. म्हणजे ती बेशुद्ध नसते. गुहेजवळ माणसांचा वावर झाला तर कळतं तिला. अशा वेळी अस्वल गुहा सोडून दुसरी शोधायला निघतं. पिल्लं होण्याआधी ज्या माद्यांना गुहा बदलावी लागते, त्यांची पिल्लं गमावण्याचं प्रमाण खूप वाढतं, असं स्वीडनमध्येच दिसलंय. हिवाळ्याचा हिशेब चरबीच्या ग्रॅमांत मांडलेला असतो. बर्फात एक दिवसाची पायपीट त्यात बसत नाही.

बाबांना ही गोष्ट सांगितली तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आम्ही उन्हाळ्यात मोहाखाली रातच्याले लोकायले जाऊ द्यायचो नाही, त्याचं कारण लोकायले वाटायचं अस्वल अंगावर येते. येते ना. पण त्यालेही खायाचं असते. त्याच्या वेळी आपण मधात कायले जाव?"

*

सहा आठवडे संपले. एक्स-रे बरा होता. जानेवारीच्या शेवटी फिजिओथेरपिस्टने बाबांना वॉकर धरून उभं केलं. मी समजत होतो की उभं राहिले म्हणजे झालं. ते अर्धं मिनिट उभे राहिले, चेहरा पांढरा पडला, आणि बसले. दुसऱ्या दिवशी चार पावलं. आठवड्याने दारापर्यंत. तिथून ते चिडायला लागले. "हाड जुळलं म्हणता. मग पाय का ऐकत नाही?"

मला तेव्हा टोइएन यांच्या अस्वलांचा शेवटचा आलेख आठवला. वसंतात अस्वलं पेट्यांतून बाहेर आली, चालायला लागली. अंगाचं तापमान पुन्हा नेहमीचं झालं होतं. पण ऑक्सिजन मोजला तर भट्टी अजून निम्म्यावरच होती. ती पूर्ण पेटायला दोन-तीन आठवडे गेले. बाहेर आलेलं अस्वल या दिवसांत फारसं खातही नाही. इकडेतिकडे हळू फिरतं, ऊन खातं, गुहेच्या जवळपास राहतं. जे प्राणी पडून राहण्यात एवढे पटाईत, त्यांनाही उठायला आठवडे लागतात.

बाबांना हे सांगितलं. ते काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवसापासून त्यांनी खुर्ची अंगणात घ्यायला लावली. सकाळी आठ ते नऊ, उन्हात. उठायचं, दहा पावलं, बसायचं. मध्ये घोटे वरखाली करायचे, पोटरीचा पंप चालावा म्हणून. ते मात्र न चुकता, अगदी मोजून.

मार्चमध्ये मी पुण्याला परतलो. परवा आईने व्हिडिओ पाठवला. बाबा काठी घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत गेलेत. गोळ्या संपल्यात, डॉपलर परत केलंय, शीर मोकळी आहे. टेपने मोजलं तर डावी मांडी ४३. अजून दोन सेंटिमीटर बाकी.

व्हिडिओच्या शेवटी बाबा कॅमेऱ्याकडे बघून म्हणतात, "सांग तुह्या अस्वलाले, मोह फुलला."